दुकानातला डिस्प्ले लॅपटॉप तपासताना: दहाव्या मिनिटाचा आकडा

गेमिंग लॅपटॉप घ्यायला गेलं की दुकानदार खोक्यावरची नावं वाचून दाखवतो: अमुक प्रोसेसर, तमुक ग्राफिक्स कार्ड, सोळा जीबी रॅम. नावं खरीच असतात. पण तोच प्रोसेसर आणि तेच ग्राफिक्स कार्ड असलेले दोन लॅपटॉप अर्धा तास गेम खेळल्यावर एकसारखे राहत नाहीत. एक टिकून राहतो, दुसरा तापून बसकण मारतो. हा फरक खोक्यावर छापलेला नसतो. तो काढायचा तर काउंटरवरचं डिस्प्लेला लावलेलं मशीन थोडा वेळ राबवून बघावं लागतं.

गेल्या मे महिन्यात भाच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा होता, तेव्हा आम्ही पुण्यात टिळक रोडवरच्या दुकानांत हेच केलं. एका मशीनला पाऊण तास लागला. पहिल्यांदाच करणाऱ्यालाही जमेल अशा क्रमाने खाली लिहितो.

घरून काय न्यायचं

एक रिकामा पेन ड्राइव्ह किंवा छोटी पोर्टेबल एसएसडी घ्या. तिच्यावर तीन गोष्टी आधीच उतरवून ठेवा, कारण दुकानाच्या वायफायवर काही डाउनलोड करत बसलात तर संध्याकाळ होईल.

पहिली सिनेबेंच आर२३. हा प्रोसेसरला राबवणारा फुकट बेंचमार्क आहे. झिप उघडली की थेट चालतो, इन्स्टॉल करावा लागत नाही. याची २०२४ची नवी आवृत्तीही आहे, पण ती जास्त मेमरी मागते आणि तिचे आकडे वेगळ्या मापाचे असतात. आर२३चे आकडे इंटरनेटवर जवळपास प्रत्येक प्रोसेसरचे सापडतात, म्हणून मी अजून तीच वापरतो.

दुसरी एचडब्ल्यूइन्फोची पोर्टेबल झिप. तापमान, वॅट, वेग हे सगळं यात दिसतं.

तिसरी म्हणजे गेमचा डेमो. आम्ही रेसिडेंट ईव्हिल ४चा चेनसॉ डेमो घेतला होता. तो स्टीमवर फुकट आहे, कितीही वेळा खेळता येतो आणि ग्राफिक्स कार्डाला चांगला घाम फोडतो. डेमोला स्टीमचं खातं लागतं. तुमचं विकत घेतलेल्या गेमचं खातं दुकानाच्या मशीनवर उघडू नका. एक नवीन, रिकामं खातं काढा आणि डेमो घरीच एसएसडीवरच्या स्टीम फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. दुकानात फक्त स्टीम टाकायचं आणि `Settings` मधल्या `Storage` मध्ये जाऊन ती एसएसडी जोडायची. स्टीमचं स्वतःचं अपडेट फोनच्या हॉटस्पॉटवर होऊन जातं.

स्टीमची भानगड नकोच असेल तर फायनल फँटसी १४चा डॉनट्रेल बेंचमार्क न्या. झिप साधारण दोन जीबीची आहे, खातं लागत नाही, गेममधली दृश्यं आपोआप चालतात आणि शेवटी गुण मिळतात. त्यात हातात घेऊन खेळता येत नाही एवढीच उणीव. मला स्वतःला खेळून बघणं जास्त पटतं. कारण पुढे कळेलच.

याशिवाय कागद आणि पेन घ्या. फोनमध्ये लिहीत बसलात की मध्येच कुणाचा तरी फोन येतो.

परवानगी आणि वेळ

रविवारी संध्याकाळी जाऊ नका. मधल्या वारी, दुकान उघडल्या उघडल्या जा. आधी सरळ सांगा: "दादा, घ्यायचाच आहे, पण एकदा टेस्ट चालवून बघू दे, पाऊण तास लागेल." घेण्याची तयारी दिसली की बहुतेक जण हो म्हणतात. आमच्या दुकानदाराने हो म्हटलं, वर विचारलं, "साहेब, कंपनीचं नवं मशीन, त्यात तपासायचं काय?" मग स्वतःच शेवटपर्यंत बघत उभा राहिला.

एक अडचण इथेच लक्षात येते. काही ब्रँडची डिस्प्ले मशीनं कंपनीच्या डेमो मोडमध्ये असतात आणि बाहेरचा प्रोग्राम चालवायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतात. एचडब्ल्यूइन्फोला तर अ‍ॅडमिनची परवानगी लागतेच, कारण ते सेन्सर वाचायला स्वतःचा ड्रायव्हर चढवतं. पासवर्ड नसेल तर काय करायचं ते पुढे आहे. विंडोजने निळी खिडकी दाखवून अडवलं तर `More info` आणि मग `Run anyway`. मात्र हे दुकानदाराला दाखवून करा. त्याच्या मशीनवर अनोळखी फाइल चालवताय, त्याला धास्ती वाटणं साहजिक आहे.

टेस्टआधी मशीन नीट मांडून घ्या

ही पायरी लोक गाळतात आणि मग चुकीचा निकाल घेऊन घरी येतात. मीही आलो होतो. दोनेक वर्षांपूर्वी एका दुकानात एक लॅपटॉप इतका मरतुकडा चालला की मी त्यावर काट मारली. बाहेर पडता पडता केबलकडे लक्ष गेलं. मशीनला तिचा मूळ जाडजूड अडॅप्टर नव्हताच. काउंटर नीटनेटका दिसावा म्हणून टाइप-सीचा ६५ वॅटचा चार्जर लावून ठेवला होता. गेमिंग लॅपटॉपला पूर्ण ताकदीला दीडशे-दोनशे वॅट लागतात. ६५ मध्ये तो बिचारा उपाशीच चालणार. म्हणून पहिलं काम: अडॅप्टरवर छापलेले वॅट वाचा आणि खोक्यात येतो तोच अडॅप्टर मागून घ्या. टेस्ट चालू असताना चार्जर लावूनही बॅटरीचे टक्के भराभर उतरत असतील, तर गडबड अडॅप्टरचीच समजा.

मग मशीन उचलून खाली बघा. डिस्प्लेची मशीनं बऱ्याचदा तिरक्या अ‍ॅक्रिलिक स्टँडवर असतात. त्यामुळे खालून भरपूर हवा मिळते आणि तापमान घरच्यापेक्षा कमी दिसतं. उलटही घडतं: चोरीच्या अलार्मचा सेन्सर नेमका जाळीवर चिकटवलेला असतो किंवा मागची झरोकं भिंतीला टेकलेली असतात. लॅपटॉप स्टँडवरून काढून सपाट काउंटरवर ठेवा, मागे वीतभर जागा सोडा. तुमच्या टेबलावर तो असाच असणार आहे.

आता पडद्यावरची तयारी. जाहिरातीचा व्हिडिओ फिरत असेल तर बंद करा. टास्क मॅनेजर उघडा आणि काहीही न करता दोन मिनिटं थांबा. प्रोसेसरचा वापर चार-पाच टक्क्यांवर स्थिरावला पाहिजे. तीस-चाळीस टक्के दिसत असेल तर मागे विंडोज अपडेट चालू आहे, ते संपू द्या. त्याच टास्क मॅनेजरमध्ये `Performance` आणि मग `Memory` वर टिचकी मारा. तिथे `Slots used: 1 of 2` असं दिसलं तर रॅमची एकच पट्टी आहे. एका पट्टीवर गेमचे फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, कमी येतात, आणि पुढे दुसरी पट्टी टाकून ते बरेचसे भरून निघतात. तेव्हा हे कागदावर टिपून ठेवा. नाहीतर दोन लॅपटॉपची तुलना करताना रॅमचा दोष पंख्याच्या माथी मारला जाईल.

शेवटी विंडोजच्या `Power mode` मध्ये `Best performance` निवडा आणि कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा फंक्शन बटणाने मधला, म्हणजे नेहमीचा मोड ठेवा. टर्बो मोडमध्ये आकडे देखणे येतात, पण पंखा एवढा ओरडतो की वसतिगृहाच्या खोलीत तो मोड कुणी लावत नाही. वेळ उरला तर टर्बो नंतर बघा.

आणि दुकानाचं तापमान लिहून घ्या. एसीच्या रिमोटवर जो आकडा आहे तो चालेल. आमच्या दुकानात २४ होता.

सिनेबेंच: एकदा छोटं, एकदा दहा मिनिटं

आधी एचडब्ल्यूइन्फो उघडा, सुरुवातीच्या खिडकीत `Sensors-only` वर खूण करा आणि `Start` दाबा. शेकडो ओळींची लांबलचक यादी येईल. घाबरू नका, आपल्याला त्यातल्या तीनच हव्यात: `CPU Package` हे प्रोसेसरचं तापमान, `CPU Package Power` म्हणजे तो खात असलेले वॅट आणि `Core Thermal Throttling` पुढचं `Yes` किंवा `No`. ही नावं इंटेलची आहेत. एएमडीच्या प्रोसेसरला तापमानाची ओळ `CPU (Tctl/Tdie)` अशी असते.

सिनेबेंच उघडा. `File` मेन्यूत `Advanced benchmark` चालू केलं की डावीकडे टेस्टचा किमान कालावधी निवडता येतो. तो आधी बंद करा आणि मल्टी कोअरची एकच फेरी चालवा. दीड-एक मिनिटात गुण येतील. ते लिहून घ्या. मग कालावधी दहा मिनिटांवर आणा आणि पुन्हा चालवा.

दोनदा कशासाठी? इंटेलच्या प्रोसेसरला दोन मर्यादा आखून दिलेल्या असतात. सुरुवातीचा थोडा वेळ तो नव्वद-शंभर वॅटपर्यंत उडी मारतो, मग कंपनीने ठरवलेल्या कायमच्या मर्यादेवर, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास-साठ वॅटवर येऊन बसतो. पहिल्या फेरीत ही उडी पकडली जाते. जाहिरातीत आणि यूट्यूबच्या झटपट व्हिडिओत बहुधा हाच आकडा असतो. तोवर तांब्याच्या नळ्या आणि जाळ्याही गार असतात. दहाव्या मिनिटाला मात्र उडीही संपलेली असते आणि गारवाही. तुम्ही गेम खेळाल तेव्हा लॅपटॉप याच अवस्थेत असणार आहे.

आम्ही दोन मशीनं शेजारी शेजारी ठेवून बघितली. दोन्हींत इंटेलचा तोच प्रोसेसर, आय७-१३६२०एच, आणि तेच ग्राफिक्स कार्ड, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५०. एक जाडसर, भाच्याच्या शब्दांत "डब्यासारखं". दुसरं सडपातळ, चंदेरी, आणि भाच्याचा जीव त्याच्यावर जडलेला.

पहिल्या फेरीत डब्याला १५,९०० गुण आणि चंदेरीला १५,६००. भाचा खूश. "बघ मामा, सेमच आहे."

दहा मिनिटांनंतर डबा १३,२०० वर आला होता आणि चंदेरी ११,३०० वर. म्हणजे एकाची घट सतरा टक्के, दुसऱ्याची अठ्ठावीस.

गुणांपेक्षा जास्त बोलकी होती तापमान आणि वॅटची जोडी. डबा ५५ वॅटवर ठाम होता आणि तापमान ८२. चंदेरी ४२ वॅटवर घसरलेलं, तापमान तरीही ९६, आणि `Core Thermal Throttling` पुढे लाल अक्षरात `Yes`.

नवख्यांची गफलत इथे होते, म्हणून जरा थांबतो. नुसतं तापमान बघून लॅपटॉप चांगला की वाईट हे ठरत नाही. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, आणि ९५ला पोचला म्हणून तो जळत नाही. प्रश्न असा विचारायचा की एवढ्या तापमानाला तो वॅट किती पचवतोय. ९५ अंशांवर ७० वॅट टिकवणारा लॅपटॉप उत्तम कूलिंगचा आहे, तो मुद्दाम कडेपर्यंत चालवलाय इतकंच. ९५ अंशांवर ४० वॅटही न पेलणारा गुदमरतोय. आणि ८२ अंशांवर ५५ वॅट धरून बसलेल्याला अजून वाव आहे, त्याला उष्णतेने अडवलेलं नाही, कंपनीने आखलेल्या रेषेने अडवलंय.

हा वाव घरी गेल्यावर कामाला येतो. दुकानात २४ अंश होते. भाचा सोलापूरचा. एप्रिल-मेमध्ये त्याच्या खोलीत ३६ म्हणजे साधी गोष्ट. खोली जेवढी तापते, चिपही वॅट तेच राहिले तर ढोबळमानाने तेवढीच जास्त तापते. म्हणजे डबा ८२ वरून ९४ च्या आसपास जाईल, पण ५५ वॅट बहुधा सोडणार नाही. चंदेरीला मात्र आणखी वर जायला जागाच उरलेली नाही. तापमान वाढवता येत नाही, म्हणून ते वॅट कमी करणार. एसीतल्या टेस्टमध्ये जे मशीन मर्यादेला टेकलं, ते सोलापूरच्या उन्हाळ्यात याहून मंद चालणार.

गेमचा डेमो: ग्राफिक्स कार्ड खरं किती वॅटचं?

प्रोसेसर एकटा तापवून झाला. गेममध्ये तो आणि ग्राफिक्स कार्ड दोघं एकाच जाळ्यात उष्णता ओततात, म्हणून ही टेस्ट वेगळी लागते.

आधी एक छोटी तपासणी. आरटीएक्स ४०५० हे नाव एकच असलं तरी लॅपटॉप बनवणारा त्याला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत काहीही देऊ शकतो. कमी वॅटचं कार्ड तेच नाव लावून बरंच मागे पडतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा, याला अ‍ॅडमिन लागत नाही:

```
nvidia-smi -q -d POWER
```

यात `Max Power Limit` ची ओळ शोधा. काही लॅपटॉपवर तिथे नुसतं `N/A` येतं. तसं झालं तर गेम चालू असताना एचडब्ल्यूइन्फोमधली `GPU Power` ची ओळ बघा, तीच खरी साक्ष. तिच्या आसपास `GPU Temperature` आणि `Performance Limit - Thermal` या ओळी असतात, त्याही लागतील.

एचडब्ल्यूइन्फोच्या खालच्या बाजूला घड्याळाचं चिन्ह आहे, ते दाबलं की आधीचे कमाल-किमान आकडे पुसले जातात. ते दाबा आणि डेमो चालू करा. रिझोल्यूशन १९२० बाय १०८०, पूर्ण पडदा, ग्राफिक्स मधल्या पातळीच्या वर. व्ही-सिंक बंद करा आणि फ्रेमची कुठलीही मर्यादा काढून टाका. व्ही-सिंक चालू राहिलं तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर गेम ६० फ्रेमला थांबतो, कार्ड निवांत बसतं, आणि आपल्याला वाटतं काय थंड मशीन आहे! स्टीमच्या सेटिंगमधून कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा चालू करा.

पहिल्याच मिनिटाला फ्रेम वीस-पंचवीसच येत असतील तर टास्क मॅनेजर बघा. बहुधा गेम प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालू झालाय. विंडोजच्या `Graphics` सेटिंगमध्ये त्या गेमला `High performance` दिलं की सुधारतं. हा लॅपटॉपचा दोष नाही.

आता मोजायची पद्धत. गेममध्ये क्षणाक्षणाला दृश्य बदलतं, म्हणून खेळता खेळता दिसलेल्या फ्रेमची तुलना करून काही हाती लागत नाही. एक जागा ठरवा. आम्ही झाडीतून गाव दिसायला लागतं त्या वाटेवर गेमच्या नायकाला, लिऑनला, उभं केलं, तोंड गावाकडे, आणि तो आकडा लिहिला. मग पंधरा मिनिटं मनसोक्त खेळायचं, मरायचं, पुन्हा सुरू करायचं, आणि परत त्याच वाटेवर, त्याच दिशेला तोंड करून आकडा बघायचा.

डब्यावर पहिल्या मिनिटाला ७४ फ्रेम होते, पंधराव्याला ७१. कार्ड ९५ वॅटवर, तापमान ७८. चंदेरीवर ६१ ने सुरुवात झाली आणि शेवटी ४९ राहिले. कार्ड ६५ वॅटवर, तापमान ८६, आणि `Performance Limit - Thermal` पुढे `Yes`. सुरुवातीचा ७४ आणि ६१ मधला फरक कार्डाला दिलेल्या वॅटचा. ६१ वरून ४९ ही घसरण मात्र निव्वळ उष्णतेची. पहिला फरक विकत घेतानाच ठाऊक असतो, निदान असायला हवा. दुसरा पंधरा मिनिटं उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

खेळून बघायला सांगत होतो ते यासाठी: आकड्यात न दिसणाऱ्या दोन गोष्टी बोटांना कळतात. डावा हात डब्ल्यू-ए-एस-डी या बटणांवर असतो. पंधराव्या मिनिटाला ती बटणं कोमट असतील तर ठीक, पण बोटं आपोआप उचलली जात असतील तर रोज दोन तास ते सोसणार नाही. चंदेरीचा मधला भाग, एच-जे-के या बटणांच्या वरची धातूची पट्टी, एवढी तापली होती की भाच्याने हात झटकला. दुसरी गोष्ट पंख्याचा आवाज. दुकानाच्या गोंगाटात फोनवरचं डेसिबलचं ॲप काही कामाचं नाही. कान जवळ नेऊन ऐका. सलग भुर्रर्र आवाजाची सवय होते. पण पंखा दर अर्ध्या मिनिटाला चढतो-उतरतो, किंवा बारीक शिट्टी येते, तर ते रात्री डोक्यात जातं.

अ‍ॅडमिन पासवर्ड मिळालाच नाही तर

तरीही हात हलवत परत येऊ नका. ग्राफिक्स कार्डासाठी ही कमांड चालू ठेवा. दर दोन सेकंदांनी तापमान, वॅट आणि वेग लिहून दाखवते:

```
nvidia-smi --query-gpu=temperature.gpu,power.draw,clocks.gr --format=csv -l 2
```

थांबवायला कंट्रोल-सी. प्रोसेसरचं तापमान विंडोज स्वतःहून दाखवत नाही, पण टास्क मॅनेजरमधल्या `CPU` च्या पानावर त्याचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. सिनेबेंच चालू असताना पहिल्या मिनिटाचा आणि दहाव्याचा वेग लिहून घ्या. ३.९ वरून ३.५ झाला तर बरं, ३.९ वरून २.६ झाला तर तापमान न बघताही उत्तर कळलं. कंपनीचं स्वतःचं नियंत्रण ॲप आधीच बसवलेलं असतं आणि बऱ्याच गेमिंग लॅपटॉपवर ते तापमानही दाखवतं, तेही उघडून बघा.

हेच डिस्प्लेचं मशीन गळ्यात मारत असतील तर

कधी कधी नवं खोकं शिल्लक नसतं आणि "हाच घ्या, तीन हजार कमी करतो" असा आग्रह होतो. मग तपासणी दोन पायऱ्यांनी वाढते. बॅटरीसाठी:

```
powercfg /batteryreport /output "%USERPROFILE%\Desktop\battery.html"
```

डेस्कटॉपवर एक पान तयार होतं. त्यातली `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` शेजारी ठेवा. डिस्प्लेचं मशीन दिवसभर चार्जरवरच असतं, त्यामुळे `CYCLE COUNT` कमी असूनही बॅटरी उतरलेली असू शकते. दहा टक्क्यांहून जास्त तूट दिसली तर तीन हजारांची सूट मला कमी वाटते.

दुसरं, एसएसडी किती तास चालली आहे ते क्रिस्टलडिस्कइन्फो या छोट्या प्रोग्राममध्ये `Power On Hours` समोर दिसतं. त्यावरून मशीन काउंटरवर किती राबलंय याचा अंदाज येतो. पंख्याच्या जाळीतली धूळ टॉर्च मारून बघा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालू होणार की आधीच चालू झाली आहे, हे सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून दुकानदाराच्या समोरच बघा.

निघण्यापूर्वी

एचडब्ल्यूइन्फोच्या खिडकीचा फोटो काढा, `Maximum` चा रकाना दिसेल असा. मग स्टीममधून खातं बाहेर काढा, तुम्ही टाकलेलं सगळं मशीनवरून पुसा, रिसायकल बिनसकट. घरी पोचल्यावर पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. दिवसभरात त्या मशीनला कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह लागले असतील ते देवच जाणे.

आम्ही अखेर डबा घेतला, नवं खोकं. भाचा दोन दिवस फुरंगटून होता. पण डिस्प्लेचं मशीन चांगलं म्हणून खोक्यातलंही चांगलंच असेल असं नाही, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट एखाद्यात नीट बसलेली नसते. म्हणून पहिल्याच रात्री सोलापूरला त्याला तेच दहा मिनिटांचं सिनेबेंच चालवायला लावलं. खोलीत ३४ अंश होते, पंखा चालू. फोनवर फोटो आला: १३,०५०, ५५ वॅट, ९१ अंश. खाली लिहिलं होतं, "मामा, आता खेळू का?"